पॉलिसीतील वगळलेल्या बाबी तारखेच्या भाषेत कशा लिहाव्यात

प्रश्न: "आईसाठी (वय 58, सहा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या सुरू) 5 लाखांची आरोग्य विमा पॉलिसी घेतली आहे, ती 10 जुलै 2025 पासून सुरू होते. वगळलेल्या बाबींची पाने तीनदा वाचली. कुठे 30 दिवस, कुठे 24 महिने, कुठे 36 महिने. एजंट म्हणतो, सगळे कव्हर होते. ही कलमे साध्या वाक्यांत कुणी मांडून दाखवेल का?"

बरीच वर्षे मी विम्याच्या दाव्यांची छाननी केली आणि आता पॉलिसी घेणाऱ्यांना तिची कागदपत्रे उलगडून सांगतो. माझ्या अनुभवात ही पाने समजत नाहीत याचे कारण त्यांतील शब्द अवघड असतात एवढेच नसते. कलमे आजारांच्या गटांनुसार लिहिलेली असतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र एक माणूस असतो. शिवाय प्रत्येक कलम स्वतंत्रपणे लागू होते. एका कलमाची मुदत संपली म्हणून दुसरे आपोआप गळून पडत नाही. दावा मंजूर होण्यासाठी तो प्रत्येक कलमातून सुटावा लागतो. म्हणून कलमाचे वाक्य करताना मी त्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत असा आग्रह धरतो: कोणता खर्च मिळणार नाही, तो कोणत्या तारखेपर्यंत मिळणार नाही, आणि कोणत्या परिस्थितीत हे बंधन लागू नाही. "महिने" हा शब्द खोडून तिथे तारीख लिहिली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर 2019 मध्ये या कलमांची शब्दरचना प्रमाणित केली. त्यामुळे आपल्या पॉलिसीत कलमांपुढे Excl01, Excl02 असे सांकेतिक क्रमांक दिसतील आणि त्यांखालचा मजकूर बहुतेक कंपन्यांचा जवळजवळ सारखाच असेल. फरक असतो तो महिन्यांच्या आकड्यांत आणि आजारांच्या यादीत. 2024 च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारांसाठी आणि यादीतील आजारांसाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त 36 महिने ठेवता येते; कंपनी त्याहून कमी ठेवू शकते. खालची वाक्ये मी आधीपासूनच्या आजारांना 36 महिने आणि यादीतील आजारांना 24 महिने असे धरून लिहितो. आपल्या कागदावर आकडे वेगळे असतील तर तारखा बदलतील, वाक्यांचा सांगाडा तोच राहील.

सर्वांत सोपे कलम 30 दिवसांचे, म्हणजे Excl03. त्याचे वाक्य असे होईल: "8 ऑगस्ट 2025 पर्यंत आई कोणत्याही आजारासाठी रुग्णालयात दाखल झाली तर खर्च मिळणार नाही, अपघाताने दुखापत झाली असेल तर मात्र पहिल्या दिवसापासून मिळेल." म्हणजे 20 जुलैला डेंग्यू झाला तर दावा नाही आणि त्याच दिवशी जिन्यावरून पडून मनगट मोडले तर दावा आहे. नूतनीकरण वेळेवर होत राहिले तर हे कलम पुढच्या वर्षी पुन्हा लागत नाही.

खरा अभ्यास Excl01 चा, कारण आपल्या आईच्या बाबतीत तेच सर्वाधिक वापरले जाणार आहे. मूळ कलमाचा आशय असा आहे की आधीपासूनच्या आजारावरील आणि त्यातून थेट उद्भवणाऱ्या गुंतागुंतींवरील उपचारांचा खर्च, पहिली पॉलिसी सुरू झाल्यापासून सलग संरक्षणाचे ठरावीक महिने पूर्ण होईपर्यंत, वगळलेला आहे. याचे मी असे वाक्य करीन: "मधुमेहामुळे, किंवा मधुमेहातूनच थेट निर्माण झालेल्या त्रासामुळे, आई 9 जुलै 2028 पर्यंत दाखल झाली तर खर्च मिळणार नाही, त्यानंतर मिळेल, पण आपण अर्जात मधुमेह लिहिलेला असेल आणि कंपनीने तो स्वीकारलेला असेल तरच."

या वाक्यातील शेवटचा तुकडा बहुतेक जण गाळतात. मुदत संपल्यावर संरक्षण आपोआप सुरू होते असे कलम म्हणत नाही. जाहीर केलेल्या आणि स्वीकारलेल्या आजारापुरतेच ते सुरू होते. म्हणून अर्जाची, म्हणजे प्रपोजल फॉर्मची, जी प्रत पॉलिसीसोबत येते ती काढून त्यात मधुमेहापुढे काय लिहिले आहे ते आजच पाहा. एजंटने घाईत "नाही" असा पर्याय निवडलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि सही मात्र विमेदाराचीच असते.

"आधीपासूनचा आजार" म्हणजे नेमके काय, हे व्याख्यांच्या पानावर असते. सध्याच्या व्याख्येनुसार पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचे निदान केले, किंवा ज्यासाठी डॉक्टरांचा सल्ला वा उपचार घेतला किंवा सुचवला गेला, तो आजार वा ती दुखापत. मधुमेह सहा वर्षांपूर्वीचा असला तरी गोळ्या आजही सुरू आहेत, म्हणून तो या व्याख्येत बसतो. याउलट समजा आईला आठ वर्षांपूर्वी मूतखड्याचा त्रास झाला होता आणि त्यानंतर तपासणी, औषध, सल्ला काहीच नाही. तर केवळ तेवढ्यावरून तो या व्याख्येत येत नाही. इथे एक बारकावा आहे. व्याख्या 36 महिन्यांपुरती असली तरी अर्जातील प्रश्न "आजवर कधी" असा असू शकतो. प्रश्न जसा विचारला आहे तसेच खरे उत्तर द्यावे. व्याख्येत बसत नाही म्हणून अर्जात लपवले तर वाद वगळणुकीचा राहत नाही, माहिती दडवल्याचा होतो, आणि तो कितीतरी जड पडतो.

आता "थेट गुंतागुंत" या शब्दांकडे येऊ, कारण दाव्याच्या वेळी ओढाताण होते ती इथे. मधुमेहामुळे पायाला न भरणारी जखम झाली, किंवा मधुमेहामुळे मूत्रपिंडे बिघडली, असे डॉक्टरांनी लिहिले असेल तर संबंध सरळ आहे आणि जुलै 2028 पर्यंत खर्च मिळणार नाही. पण मधुमेही व्यक्तीला हृदयविकाराचा झटका आला तर? मधुमेहामुळे झटक्याचा धोका वाढतो हे खरे; तरी धोका वाढणे आणि थेट गुंतागुंत होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे माझे मत आहे. कलमात "थेट" हा शब्द असल्यामुळे कंपनीने तो संबंध कागदांवरून दाखवायला हवा. प्रत्यक्षात काही कंपन्या अशा दाव्यांना पहिल्या फेरीत नकार देतात आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे लेखी मत दिल्यावर फेरविचार करतात. त्यामुळे हे वाक्य लिहिताना "मधुमेहाशी संबंधित काहीही" असे लिहू नका. तसे लिहिले तर आपणच कंपनीला कलमाहून अधिक देऊन बसतो. आणि "फक्त मधुमेह" असेही लिहू नका, कारण मग पायाची जखम सुटते. "मधुमेहातूनच थेट निर्माण झालेला त्रास" एवढेच शब्द ठेवा.

छाननी करणारा माणूस हा संबंध कुठे शोधतो तेही सांगतो. तो सर्वांत आधी दाखल होतानाच्या केस पेपरवरील पूर्वेतिहासाची ओळ वाचतो: "मधुमेह, 6 वर्षे." ही ओळ बहुधा निवासी डॉक्टर रात्री घाईत, सोबत आलेल्या नातेवाइकाला विचारून लिहितात. नातेवाईक अंदाजाने "दहा-बारा वर्षे असेल" म्हणतो आणि तेच डिस्चार्ज समरीत उतरते. अर्जात सहा वर्षे आणि रुग्णालयाच्या कागदावर बारा वर्षे असली की चौकशी सुरू होते. पहिल्या निदानाचा कागद जपून ठेवा आणि सोबत जाणाऱ्या प्रत्येकाला तो काळ ठाऊक असू द्या.

Excl02 मध्ये आजारांची आणि शस्त्रक्रियांची यादी असते. त्यात सहसा मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातील खडे, गर्भाशय काढणे, सांधा बदलणे अशी नावे आढळतात; आपली यादी आपल्या पॉलिसीतलीच पाहावी. हे कलम Excl01 हून वेगळे कसे, तर इथे आजार आधी होता की नव्हता हे पाहिलेच जात नाही. पॉलिसी घेतल्यानंतर नव्याने झालेल्या मोतीबिंदूलाही ते लागते. वाक्य असे: "आईला मोतीबिंदू पॉलिसीनंतर झाला असला तरी 9 जुलै 2027 पर्यंत त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही; अपघातामुळे ती शस्त्रक्रिया करावी लागली तर हे बंधन नाही."

आणि आपल्याला 24 आणि 36 यांचा जो घोळ वाटला, तो या कलमातील एका उपकलमामुळे आहे. यादीतील एखादा आजार आधीपासूनचाही असेल तर दोन्हींपैकी मोठी मुदत लागते. म्हणजे नेत्रतज्ज्ञांनी 2024 मध्येच "मोतीबिंदू आहे, पिकल्यावर काढू" असे चिठ्ठीवर लिहिले असेल, तर तो आधीपासूनचा आजार ठरतो आणि तारीख 9 जुलै 2027 ऐवजी 9 जुलै 2028 होते. गुडघ्याचेही तसेच. गुडघेदुखीसाठी गेल्या तीन वर्षांत डॉक्टरांकडे जाऊन औषध घेतले असेल आणि निदान सांध्याच्या झिजेचे असेल, तर गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला मोठी मुदत लागते. औषधांच्या दुकानातून आणलेले मलम तेवढे लावले असेल तर डॉक्टरांचा सल्ला किंवा उपचार झाला असे म्हणता येत नाही. म्हणून या कलमाची वाक्ये लिहिताना प्रत्येक नावापुढे एक प्रश्न विचारावा: याबद्दल 10 जुलै 2022 ते 9 जुलै 2025 या काळातला डॉक्टरांचा एखादा कागद घरात आहे का? असेल तर 2028, नसेल तर 2027.

आता हे सगळे ज्या एका शब्दावर टेकलेले आहे तो शब्द "सलग". वार्षिक हप्ता भरण्याची तारीख चुकली तर 30 दिवसांची सवलतीची मुदत मिळते. त्या मुदतीत हप्ता भरला तर आधी मोजलेले महिने टिकतात. मात्र वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत मधल्या न भरलेल्या दिवसांत आजारपण आले तर त्याचा खर्च मिळत नाही. मुदतही उलटली तर पॉलिसी नवी धरली जाऊ शकते आणि वरच्या सर्व तारखा पुढे सरकतात. कंपनी बदलायची असेल तर पॉलिसी रीतसर पोर्ट करावी. तसे केल्यास आधीच्या कंपनीकडे काढलेले महिने नव्या कंपनीत आधीच्या विमा रकमेपुरते मोजले जातात.

विमा रक्कम वाढवण्याचा नियम बहुतेकांना दाव्याच्या दिवशीच कळतो, म्हणून तो उदाहरणासह मांडतो. समजा आपण जुलै 2026 च्या नूतनीकरणात रक्कम 5 लाखांवरून 10 लाख केली. कलम म्हणते की वाढीव रकमेपुरती प्रतीक्षा नव्याने सुरू होते. म्हणजे मधुमेहासाठी एकाच पॉलिसीत दोन तारखा झाल्या: पहिल्या 5 लाखांसाठी 9 जुलै 2028 आणि वरच्या 5 लाखांसाठी 9 जुलै 2029. सप्टेंबर 2028 मध्ये मधुमेहामुळे मूत्रपिंडांचा त्रास होऊन आई दाखल झाली आणि बिल 7 लाखांचे झाले, तर पॉलिसीवर 10 लाख छापलेले असूनही कंपनी 5 लाखांपर्यंतच विचार करील. तेच बिल न्यूमोनियाचे असते तर पूर्ण 10 लाखांच्या मर्यादेत धरले गेले असते. रक्कम वाढवू नये असे मी म्हणत नाही, लवकर वाढवावी असेच म्हणतो. फक्त ज्या दिवशी वाढवाल त्या दिवशी यादीत दुसरी तारीख लिहून ठेवा.

प्रतीक्षेची कलमे इथे संपतात आणि कायमच्या वगळणुकी सुरू होतात. त्यांना तारीख नसते, म्हणून त्यांच्या वाक्यात तिसरा भाग, म्हणजे बंधन कधी लागू नाही हा, सर्वांत महत्त्वाचा. उदाहरणार्थ, सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक शस्त्रक्रिया वगळलेली आहे हे सर्वांना माहीत असते. पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतर अवयव पूर्ववत करण्यासाठी ती केली, अथवा प्रकृतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती आवश्यक आहे असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले, तर ती वगळलेली नाही, हे त्याच कलमाच्या दुसऱ्या अर्ध्यात असते. डोळ्यांचा नंबर काढण्याची शस्त्रक्रिया 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी नंबरासाठी मिळत नाही. बाकीची बरीचशी कलमे आपल्या आईला लागण्याची शक्यता कमी आहे, त्यांवर वेळ घालवू नका.

एका कायमच्या कलमावर मात्र थांबायला हवे, ते म्हणजे Excl04. मजकूर दोन ओळींचा आहे: जे दाखल होणे मुख्यतः तपासण्या आणि निदानासाठीच आहे त्याचा खर्च वगळलेला आहे, तसेच सध्याच्या निदानाशी वा उपचारांशी संबंध नसलेल्या तपासण्यांचा खर्चही. समजा आईच्या छातीत दुखले, दोन दिवस दाखल केले, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, टूडी इको झाले, सर्व अहवाल सामान्य आले आणि घरी सोडले. सगळ्यांना हायसे वाटते, पण छाननीच्या टेबलावर हाच दावा सर्वांत आधी बाजूला काढला जातो, कारण डिस्चार्ज समरीत तपासण्यांचे रकाने भरलेले आणि उपचारांचा रकाना रिकामा असतो.

याचे वाक्य मी असे लिहितो: "आई मुख्यतः तपासण्यांसाठी दाखल झाली असेल तर खर्च मिळणार नाही; एखाद्या त्रासावर उपचार करण्यासाठी किंवा सतत देखरेखीची गरज म्हणून दाखल झाली आणि त्या ओघात तपासण्या झाल्या, तर हे कलम लागू नाही असे म्हणता येते." शेवटचा भाग कलमात शब्दशः नाही, तो "मुख्यतः" या शब्दातून निघणारा अर्थ आहे, म्हणूनच मी "म्हणता येते" असे लिहिले. तो टिकतो की नाही हे कागदांवर ठरते. दाखल होताना कोणती लक्षणे होती, रक्तदाब आणि नाडी किती होती, घरी पाठवणे धोक्याचे का वाटले, कोणते औषध शिरेतून दिले, हे डिस्चार्ज समरीत असायला हवे. जे घडले तेवढेच डॉक्टरांनी लिहावे, पण लिहावे जरूर. घरी जाण्यापूर्वी समरी वाचून हे विचारायला कुणाचीच हरकत नसते.

"पाच वर्षांनी कंपनी काहीच नाकारू शकत नाही" असेही आपल्या कानावर येईल. त्यामागचा नियम असा की सलग 60 महिने पूर्ण झाल्यावर माहिती दडवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून दाव्याला आव्हान देता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. कायमच्या वगळणुकी त्यानंतरही कायमच असतात. खोलीभाड्याची मर्यादा, ठरावीक आजारांच्या रकमेवरील मर्यादा आणि बिलातील आपला हिस्सा, म्हणजे को-पे, हेही तसेच राहतात. या मर्यादा वगळणुकींच्या पानांवर नसतातच, त्या वेगळ्या तक्त्यात असतात, आणि त्यांचा परिणाम खर्च अजिबात न मिळण्याऐवजी कमी मिळण्यात होतो. त्यांची वाक्ये वेगळ्या कागदावर करा.

थोडक्यात, मी धरलेल्या आकड्यांनुसार आपल्या आईच्या तारखा अशा: साध्या आजारांना 8 ऑगस्ट 2025 पर्यंत थांबायचे, यादीतल्या पण नव्या आजारांना 9 जुलै 2027 पर्यंत, मधुमेह आणि कागदोपत्री आधीपासून असलेल्या सर्व त्रासांना 9 जुलै 2028 पर्यंत, आणि अपघाताला थांबायचे नाही.

ही वाक्ये आपल्या समजुतीसाठी आहेत. वाद झाला तर पॉलिसीचा मूळ मजकूरच ग्राह्य धरला जातो. पॉलिसीसोबत येणारे ग्राहक माहिती पत्रक, ज्याला सीआयएस म्हणतात, ते मागितल्यास स्थानिक भाषेत मिळू शकते, तेही मागून घ्या. पण त्यावरसुद्धा मूळ मजकूर प्रमाण असल्याचे छापलेले असते. म्हणून ज्या दोन-तीन वाक्यांबद्दल शंका आहे ती कंपनीला ईमेलने विचारा, एजंटला फोनवर नव्हे. "मधुमेह कव्हर होतो का?" असे विचारले तर "पॉलिसीच्या अटींनुसार" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी असे विचारा: "माझ्या आईने अर्जात मधुमेह जाहीर केला आहे. 15 ऑगस्ट 2027 रोजी तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि पॉलिसीपूर्वी मोतीबिंदूचे निदान झालेले नव्हते, तर Excl01 किंवा Excl02 यांपैकी एखादे कलम लागू होईल का?" अशा प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते. तरीही कलमच पुन्हा उतरवून पाठवले, तर त्या बाबतीत आपल्याला प्रतिकूल असलेला अर्थ धरून पैशांची तजवीज करा. कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या बाजूचा अर्थ घ्यावा असे न्यायालये म्हणत आली आहेत, पण तो युक्तिवाद तक्रारीच्या टप्प्यावर कामी येतो, रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीवर नाही.

पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणीचा आणि मुद्रांक शुल्काचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. ईमेलचे उत्तर त्या 30 दिवसांत हाती येईल अशा बेताने प्रश्न पहिल्याच आठवड्यात पाठवा.